पहिल्या मिनिटातली गळती: शीर्षक खोटं पडतंय की सुरुवात लांबतेय?

प्रश्न: माझ्या यूट्यूब व्हिडिओचा सीटीआर ९ टक्के आहे, म्हणजे थंबनेल शंभर वेळा दिसलं की नऊ वेळा दाबलं जातं, पण पहिल्या अर्ध्या मिनिटात निम्मे लोक निघून जातात. शीर्षकात सांगितलंय ते व्हिडिओत मिळत नाही म्हणून जातात, की सुरुवातच कंटाळवाणी आहे म्हणून? हे आकड्यांवरून ओळखता येतं का?

उत्तर:

ओळखता येतं, पण ३० सेकंदांच्या त्या एका आकड्यावरून नाही. यूट्यूब स्टुडिओ तो आकडा सगळ्यात वर ठळकपणे दाखवतं, त्यामुळे सगळे त्यालाच धरून बसतात. तुम्हाला दोन गोष्टी बघायच्या आहेत. लोक नेमक्या कोणत्या सेकंदाला गेले, आणि गेलेले पुढे कुठे परत दिसतात का.

मी गेली काही वर्षं दुसऱ्यांच्या चॅनेलचे आकडे बघायचं काम करतो. त्यातले दोन व्हिडिओ सांगतो. दोन्हींत ३० सेकंदांच्या आकड्याने दिशाभूल केली होती, आणि ती एकमेकांच्या अगदी उलट.

पहिला व्हिडिओ दहा मिनिटांचा. शीर्षक होतं ‘फोनमधून डिलीट झालेले फोटो परत मिळवा’. ३० सेकंदांना ७३ टक्के लोक टिकून होते. चॅनेलच्या बाकीच्या व्हिडिओंपेक्षा हे चांगलंच होतं, म्हणून मालकाचं म्हणणं असं की सुरुवात उत्तम आहे, गडबड पुढे कुठेतरी आहे. सरासरी बघण्याचा वेळ मात्र जेमतेम २ मिनिटं ५० सेकंद. ‘मधला भाग रटाळ झालाय का ते बघा’ असं म्हणून त्यांनी व्हिडिओ माझ्याकडे दिला.

रिटेन्शनचा ग्राफ, म्हणजे व्हिडिओच्या प्रत्येक क्षणाचं बघणं किती टक्के होतं ते दाखवणारी रेषा, उघडण्याआधी मी एक काम करतो आणि तुम्हीही ते कराच. शीर्षक आणि थंबनेल एका कागदावर ठेवायचं, आणि ज्याने व्हिडिओ बघितलेला नाही अशा माणसाला विचारायचं, ‘हे दाबल्यावर तुला काय मिळेल असं वाटतं?’ त्याचं वाक्य त्याच्याच शब्दांत लिहून घ्यायचं. मग व्हिडिओ लावून दोन वेळा टिपायच्या: ते मिळणार याचा पहिला पुरावा पडद्यावर कधी दिसतो, आणि ते मिळणार नाही किंवा अर्धवटच मिळणार हे बघणाऱ्याला पहिल्यांदा कधी कळतं. हे आधी करायचं कारण असं की ग्राफ एकदा डोळ्यांसमोर आला की प्रत्येक उताराला काहीतरी कारण सुचतंच. आधी लिहिलेली वेळ आणि नंतर दिसलेला उतार जुळला, तरच त्याला काही अर्थ आहे.

इथे मी ज्याला विचारलं त्याचं उत्तर होतं: ‘गेलेले फोटो परत येतील.’ बस, अट काहीच नाही. व्हिडिओत मात्र ५३व्या सेकंदाला निवेदक सांगतो, ‘अर्थात, फोटो अजून ट्रॅशमध्ये असतील किंवा त्यांचा बॅकअप घेतलेला असेल तरच हे जमेल.’ पुढची नऊ मिनिटं ट्रॅश आणि बॅकअप यांवरच आहेत, आणि माहिती एकदम नीट दिली आहे. गूगल फोटोजमध्ये बॅकअप झालेला फोटो ट्रॅशमध्ये ६० दिवस राहतो हेसुद्धा त्यात आहे. म्हणजे व्हिडिओत खोटं काही नाही. शीर्षकानेच अट गाळली होती.

आता आकडे. यूट्यूबचा अ‍ॅनालिटिक्स एपीआय, म्हणजे प्रोग्रॅममधून आकडे मागवायची सोय, कुठल्याही व्हिडिओचे शंभर समान तुकडे करून प्रत्येक तुकड्याचा आकडा देतो. दहा मिनिटांच्या व्हिडिओत एक तुकडा सहा सेकंदांचा, त्यामुळे सुरुवातीचं मिनिट दहा बिंदूंत मिळतं. विचारणा एवढीच असते:

```
ids=channel==MINE
startDate=YYYY-MM-DD
endDate=YYYY-MM-DD
dimensions=elapsedVideoTimeRatio
metrics=audienceWatchRatio
filters=video==VIDEO_ID
```

एपीआयच्या वाटेला जायचं नसेल तर स्टुडिओतल्या रिटेन्शनच्या ग्राफवर माउस फिरवत हाताने आकडे उतरवा. पहिल्या दीड मिनिटासाठी पंधरा आकडे पुरतात. व्हिडिओ चाळीस मिनिटांचा असेल तर हाताने उतरवणंच बरं, कारण तिथे एपीआयचा एकेक तुकडा २४ सेकंदांचा होतो आणि सुरुवात त्यात विरघळून जाते.

आमच्या व्हिडिओत सहाव्या सेकंदाला ८८ टक्के होते, १२व्याला ८१, १८व्याला ७७, २४व्याला ७५ आणि ३०व्याला ७३. ४८व्या सेकंदापर्यंत ७०, ५४व्याला ६७. मग एका मिनिटाला ५५, पुढच्या सहा सेकंदांनी ४९, आणखी सहा सेकंदांनी ४७. त्यानंतर रेषा जवळपास सपाट.

हे आकडे नुसते बघितले तर सुरुवातीची घसरण आणि मिनिटाजवळची घसरण सारखीच वाटते. दोन्हीकडे बारा टक्के गेले. पण सुरुवातीला १०० होते त्यातले १२ गेले, आणि मिनिटाजवळ ६७च उरले होते त्यातले १२ गेले. म्हणून त्या क्षणी जे समोर बसले होते त्यांतले किती उठले, तेच मोजायचं. टक्के ब स्तंभात असतील तर शेजारच्या स्तंभात हे सूत्र खाली ओढत न्या:

```
=1-B3/B2
```

आता चित्र बदलतं. पहिल्या सहा सेकंदांत १२ टक्के उठले, मग ८, मग ५, मग अडीचच्या आसपास, आणि पुढे ४८व्या सेकंदापर्यंत त्याहूनही कमी. ही नेहमीची उतरती चाल झाली. चुकून दाबलेले, नुसतं डोकावून जाणारे, भलतंच शोधणारे असे सगळे त्यात येतात. मग ५४ ते ६० सेकंदांत एकदम १८ टक्के, आणि पुढच्या सहा सेकंदांत ११. बसलेली माणसं एका विशिष्ट वाक्यानंतर घोळक्याने उठली. ५४व्या सेकंदाला असलेल्या शंभरांतली तीस माणसं पुढच्या अठरा सेकंदांत निघून गेली होती. आणि अटीचं वाक्य ५३व्या सेकंदाला.

शीर्षक आणि मजकूर यांतली दरी अशी दिसते. लोक वाट बघतात, कारण त्यांचा शीर्षकावर विश्वास आहे. म्हणूनच ३० सेकंदांना ७३ टक्के होते. आकडा चांगला दिसला तो शब्द मोडल्याचं अजून कोणाला कळलं नव्हतं म्हणून. हे वाक्य निवेदकाने दहाव्या सेकंदाला टाकलं असतं तर तोच आकडा पन्नासाच्या घरात आला असता, आणि मालकाने सुरुवात पुन्हा शूट केली असती.

दुसरा व्हिडिओ याच्या उलटा. गिटार शिकवणारं चॅनेल, शीर्षक ‘बारे कॉर्ड स्वच्छ कसा वाजवायचा’, लांबी बारा मिनिटं. १५व्या सेकंदाला ८० टक्के, ३०व्या सेकंदाला ६०. तुमच्यासारखीच तक्रार, आणि शीर्षक बदलायची घाई. पण ५०व्या सेकंदाला ग्राफ पुन्हा ७४वर चढला होता.

गेलेली माणसं परत कशी आली? ती गेलीच नव्हती. रिटेन्शनचा ग्राफ कोण निघून गेलं हे मोजत नाही, व्हिडिओचा तो तुकडा किती वेळा बघितला गेला हे मोजतो. पुढे उडी मारणारा माणूस मधल्या तुकड्यांत दिसत नाही, आणि मागे जाऊन तोच भाग पुन्हा बघणारा दोनदा मोजला जातो. लोकांनी वारंवार मागे जाऊन बघितलेल्या भागात आकडा कधी कधी शंभराच्याही वर जातो तो त्यामुळेच. गिटारच्या व्हिडिओत १५ ते ४५ सेकंदांत शिक्षक आपल्या चॅनेलबद्दल आणि आधीच्या धड्यांबद्दल बोलत होते. बोट कुठे ठेवायचं ते ४६व्या सेकंदाला सुरू झालं. लोकांनी बोटाने तेवढा भाग पुढे सारला आणि कॉर्डवर येऊन थांबले. शीर्षकाने शब्द दिला होता, व्हिडिओने तो पाळला, फक्त मधे तीस सेकंद अडवून ठेवलं. इथे शीर्षकाला हात लावणं म्हणजे चांगल्या दाताला चिमटा लावणं. स्टुडिओच्या एडिटरमधून ते तीस सेकंद कापले, लिंक आणि व्ह्यूज तेच राहिले, काम झालं.

तेव्हा तुमच्या ग्राफमध्ये आधी हे बघा: उतारानंतर चढ आहे का? असेल तर लोकांना तुमची वस्तू हवी आहे, ती उशिरा मिळतेय. चढ नाही आणि उतार एखाद्या वाक्याला किंवा दृश्याला चिकटलेला असेल, तर ते वाक्य शीर्षकाच्या विरोधात साक्ष देतंय. एक सावधगिरी मात्र ठेवा. पुढे उडी मारणारे सगळे एकाच जागी उतरत नाहीत. चॅप्टर्स टाकलेले नसतील तर ते विखुरतात आणि चढ पसरट दिसतो. दोन-तीन टक्क्यांचा लांबट उंचवटासुद्धा चढच समजा.

तिसरीही एक शक्यता आहे. तुमचे निम्मे लोक पहिल्या आठ-दहा सेकंदांतच गेले असतील, तर त्यांनी मजकूर जोखलेलाच नाही. तेवढ्या वेळात माणूस फक्त ओळख पटवतो: मी दाबलं तेच हे आहे ना? थंबनेलवर फुटलेली स्क्रीन आणि व्हिडिओ उघडतो तो लोगोच्या अ‍ॅनिमेशनने, मग सोफ्यावर बसलेला माणूस. अशा वेळी शीर्षक शंभर टक्के खरं असलं तरी लोक मागे फिरतात. पहिल्या फ्रेममध्ये थंबनेलवरचीच वस्तू दिसली पाहिजे आणि पहिल्या वाक्यात शीर्षकातलाच एखादा शब्द आला पाहिजे. याबद्दल एवढं पुरे. यात फार खोल जाण्यासारखं काही नाही.

फोटोंच्या व्हिडिओकडे परत येतो, कारण ग्राफवरून शंका आली तरी शिक्का मारायला आणखी एक पुरावा लागतो. तो मिळतो लोक कुठून आले यावरून. Advanced mode मध्ये ट्रॅफिक सोर्स निवडा, त्यात यूट्यूब सर्च उघडा, म्हणजे लोकांनी काय टाइप करून व्हिडिओ गाठला ते दिसतं, आणि प्रत्येक शब्दसमूहाशेजारी बघण्याचा सरासरी वेळही. आमच्याकडे ‘बॅकअपमधले फोटो फोनमध्ये कसे आणायचे’ असं शोधून आलेले सरासरी साडेपाच मिनिटं थांबले होते. ‘डिलीट झालेले फोटो परत’ असं शोधणारे २ मिनिटं १० सेकंद. आणि ‘ट्रॅश रिकामा केल्यावर फोटो परत’ वाले १ मिनिट ८ सेकंद. व्हिडिओ एकच, निवेदक एकच, सुरुवात एकच. सुरुवात कंटाळवाणी असती तर तिन्ही गट कंटाळले असते. ज्यांची अडचण व्हिडिओ सोडवत होता ते थांबले, आणि ज्यांना शीर्षकाने उगाच आत बोलावलं होतं ते अटीचं वाक्य ऐकून गेले. माझ्या दृष्टीने इथे प्रकरण मिटलं.

तुमचा व्हिडिओ सर्चवरून चालत नसेल, होम किंवा सजेस्टेडवरून चालत असेल, तर शोधशब्द मिळणार नाहीत. मग नवे आणि परत आलेले प्रेक्षक यांच्या रेषा वेगळ्या करून बघा. जुना प्रेक्षक माणसासाठी येतो, शीर्षकातलं थोडंबहुत खपवून घेतो. नवा प्रेक्षक शीर्षकावर विसंबून आलेला असतो. दोन्ही रेषा एकाच जागी पडत असतील तर तो भागच वाईट आहे. फक्त नव्यांची पडत असेल तर शीर्षकाकडे संशयाने बघा. पण लगेच निकाल देऊ नका, कारण ‘मागच्या भागात बघितलं तसं’ अशा एका वाक्यानेही नेमकी नव्यांचीच रेषा पडते. तिथे जाऊन तो भाग कानांनी ऐकावाच लागतो.

आम्ही शीर्षक बदलून ‘डिलीट केलेले फोटो ट्रॅशमधून आणि बॅकअपमधून परत कसे मिळवायचे’ असं केलं आणि थंबनेलवर ट्रॅशचं चिन्ह आणलं. सीटीआर ८.४वरून ६.१वर आला. मालकाचा त्या दिवशी फोन आला तो ओरडायलाच. पण सरासरी बघण्याचा वेळ २:५०वरून ४:२५ झाला. गुणाकार करून बघा: थंबनेल शंभर वेळा दिसल्यावर पूर्वी ८.४ लोक येऊन प्रत्येकी २.८३ मिनिटं थांबत होते, म्हणजे साधारण २४ मिनिटं. आता ६.१ लोक ४.४२ मिनिटं थांबतात, म्हणजे साधारण २७. हा हिशेब ढोबळ आहे, कारण सगळे व्ह्यूज इंप्रेशनमधून, म्हणजे थंबनेल समोर दिसून, येत नाहीत. तरी शीर्षकाची अदलाबदल तोलायला नुसत्या सीटीआरपेक्षा तो कितीतरी बरा. यूट्यूब स्वतःच्या थंबनेल चाचणीतही विजेता ठरवताना क्लिक मोजत नाही, बघण्याच्या वेळेतला वाटा मोजतं. मिनिटाजवळची ती घोळक्याची गळतीही शंभरांत तीसवरून तेरावर आली. शून्यावर ती येणार नव्हतीच. शीर्षक न वाचता थंबनेलवर बोट ठेवणारे असतातच.

आधी-नंतरची अशी तुलना करताना दोन ठिकाणी पाय घसरतो. एक म्हणजे नमुना लहान असणं. शंभर व्ह्यूजवर पन्नास टक्क्यांचा आकडा दहा टक्के इकडेतिकडे नुसत्या योगायोगाने होतो, तीनशेवर सहाच्या आसपास. त्यामुळे बदल केल्याच्या दुसऱ्या दिवशी ‘चार टक्के वाढले’ म्हणून पेढे वाटू नका. तसेही आकडे यायला एक-दोन दिवस लागतात. पूर्ण सात दिवस आधीचे आणि पूर्ण सात दिवस नंतरचे घ्या, म्हणजे शनिवार-रविवार दोन्हीकडे येतील, आणि बदल केला तो दिवस सोडून द्या.

दुसरं जास्त फसवं आहे. शीर्षक बदललं की यूट्यूब व्हिडिओ वेगळ्याच लोकांना दाखवायला लागतं. म्हणजे तुम्ही तुलना करताय ती दोन शीर्षकांची आणि दोन गर्दींचीही. आम्ही म्हणून एकच शोधशब्द धरून ठेवला, ‘डिलीट झालेले फोटो परत’. तोच शब्द टाइप करणारे, फक्त समोर दिसलेलं शीर्षक वेगळं. त्यांचा वेळ २:१०वरून ३:२० झाला. सरासरीतल्या मोठ्या उडीपेक्षा मला या छोट्या उडीवर जास्त भरवसा आहे. ट्रॅश रिकामा करून बसलेले शीर्षक वाचूनच दुसरीकडे गेले होते, आणि त्यांना आपण काहीच देऊ शकत नव्हतो.

तुमच्या बाबतीत ९ टक्के सीटीआर आणि निम्म्यांची गळती हे सोबत बघून माझा पहिला संशय शीर्षकावर जाईल. यूट्यूबच्याच सांगण्यानुसार निम्म्या चॅनेल आणि व्हिडिओंचा सीटीआर २ ते १० टक्क्यांत असतो, म्हणजे तुमचा वरच्या टोकाला आहे. बोलावणं जोरात चाललंय. पण ९ टक्के नेमके कशातले तेही बघा. व्हिडिओ नवा असताना तो मुख्यतः सबस्क्रायबरना दिसतो आणि सीटीआर आपोआप फुगतो. इंप्रेशन वाढल्यावरही तो ९च राहिला आणि उतारानंतर चढ नसेल, तर उताराच्या आधीच्या दहा सेकंदांत व्हिडिओत काय बोललं जातं ते शब्दशः लिहून काढा आणि शीर्षकाखाली ठेवा. ती दोन वाक्यं आणि दर सहा सेकंदांचे आकडे इथे टाकलेत तर मी बघून सांगतो.